जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांची यादी शोधताना एजंटच भेटतात, त्यावर उपाय

भांडुपला स्टेशनजवळच्या एका मेडिकलवर मी काउंटर सांभाळतो. गिऱ्हाईक गोळ्या घेतं, सुटे पैसे मोजतं आणि निघता निघता फाईल पुढे करून विचारतं, "दादा, हे योजनेत कुठे होईल?" आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे होतंच. त्या माणसानं आधी मोबाईलवर शोधलेलं असतं, कुठल्यातरी पानावर नाव-नंबर भरलेला असतो आणि तेव्हापासून त्याला फोन येत असतात. यादी मात्र हाती लागलेली नसते. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतोय.

योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं आणि २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेबरोबर ती एकत्र चालते. चालवते राज्य आरोग्य हमी सोसायटी, तिचं ऑफिस वरळीला आहे. हा इतिहास सांगतोय कारण यादी शोधताना तो कामाला येतो. पानावर कुठे 'राजीव गांधी' किंवा 'दीड लाखापर्यंत मोफत' असं दिसलं, तर ते पान शिळं आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांवर गेली. ज्या पानाला एवढंही ठाऊक नाही, त्याच्यावरची रुग्णालयांची यादी ताजी कशी असणार?

नेमकं बिघडतं कुठे

परवाचंच घ्या. दुकानावर नेहमी येणारी एक ताई सासऱ्यांची अँजिओग्राफीची फाईल घेऊन आली. काका एकसष्ट वर्षांचे, तीन नसांमध्ये अडथळा, डॉक्टरांनी बायपास सांगितली होती. घरी केशरी रेशनकार्ड. ताईनं आदल्या रात्री मोबाईलवर इंग्रजीत योजनेचं नाव, 'हॉस्पिटल लिस्ट' आणि 'मुंबई' एवढं टाकलं आणि सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. पानावर अशोकचक्र, तिरंगी पट्टी, योजनेचं नाव, खाली तीस-चाळीस रुग्णालयांचा तक्ता. तक्त्याच्या वर एक फॉर्म होता: नाव, मोबाईल, पिनकोड, रेशनकार्डाचा रंग. तिनं भरला. दहा मिनिटांत फोन. "मॅडम, बेड कन्फर्म करून देतो, फाईल चार्ज अकराशे."

तिनं पैसे दिले नव्हते, हे नशीब. मी तो तक्ता तिच्या मोबाईलवर पाहिला. आधी लक्षात आलं नाही, मग बोट खाली सरकवताना दिसलं की मुलुंडचं रुग्णालय, अंधेरीचं रुग्णालय, परळचं रुग्णालय, सगळ्यांच्या पुढे शेवटचे चार आकडे तेच. नावं खरी होती, फोन नंबर एजंटचा होता. म्हणजे तुम्ही रुग्णालयाला फोन लावताय असं तुम्हाला वाटतं आणि उचलतो तो.

असल्या पानांवर पोचायच्या वाटा दोनच आहेत. पहिली म्हणजे जाहिरात. गुगलमध्ये वरचे दोन-तीन निकाल पुष्कळदा पैसे देऊन लावलेले असतात, त्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' किंवा `Sponsored` लिहिलेलं असतं. दुसरी वाट स्पेलिंगची. राज्याच्या वेबसाईटच्या नावात जीवनदायी हा शब्द शेवटी दोन ई लावून लिहिलाय. लोक आय लावतात, किंवा नुसता शब्द टाकून पुढचं `.gov.in` सोडून देतात. मग ब्राउझर त्याला पत्ता न मानता शोध मानतो आणि तुम्ही परत जाहिरातींच्या दारात.

म्हणून शोधूच नका. पत्ता पूर्ण टाईप करा:

```
www.jeevandayee.gov.in
hospitals.pmjay.gov.in
```

पहिला राज्याचा, दुसरा केंद्राचा. शोधायचंच असेल, तर सरकारी मराठीत या रुग्णालयांना काय म्हणतात ते वापरा. शासन निर्णयात शब्द आहे 'अंगीकृत रुग्णालये'. आपण कुणी बोलताना तो वापरत नाही आणि एजंटही सहसा वापरत नाहीत, हाच त्याचा फायदा. त्याला सरकारी पत्त्याची अट जोडली की गाळ बराचसा बाहेर राहतो:

```
अंगीकृत रुग्णालये site:gov.in
```

उघडलेलं पान सरकारी आहे की नाही हे चिन्हांवरून ठरवू नका, अशोकचक्र कोणीही चिकटवतं. पत्ता वाचा, आणि वाचायचा तो उजवीकडून. सुरुवातीचं `https://` सोडून पुढे पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा जो भाग आहे, त्याच्या अगदी शेवटी `.gov.in` हवं. `.org.in`, `.co.in`, नुसतं `.in` किंवा `.com` असेल तर ते सरकारी नाही, कारण `.gov.in` फक्त सरकारी संस्थांनाच मिळतं. आणि `.gov.in` मध्येच कुठेतरी असून पुढे आणखी काही चिकटलेलं असेल, तर ती मुद्दाम केलेली चलाखी आहे. मोबाईलवर लांब पत्ता अर्धा झाकलेला असतो. पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून तो पूर्ण उघडा आणि मगच वाचा.

आणखी एक कसोटी आहे, ती मला सगळ्यात भरवशाची वाटते. रुग्णालयांची यादी सगळ्यांसाठी उघडी आहे. ती बघायला लॉगिन लागत नाही, आधार लागत नाही, ओटीपी तर नाहीच. केंद्राच्या पानावर फक्त वेडीवाकडी अक्षरं वाचून भरावी लागतात, ती यंत्रानं यादी ओरबाडू नये म्हणून. ज्या क्षणी 'यादी बघण्यासाठी मोबाईल नंबर टाका' असं येईल, त्या क्षणी बाहेर पडा. इथे एक गोंधळ होतो तो सांगतो. `beneficiary.nha.gov.in` हेही खरं सरकारी पान आहे आणि ते मोबाईल नंबर आणि ओटीपी मागतं. पण ते आयुष्मान कार्डासाठी, आपण पात्र आहोत का ते बघण्यासाठी. रुग्णालयांची यादी आणि आपलं कार्ड ही दोन वेगळी कामं आहेत. एजंट ती मुद्दाम एकात गुंफतो, म्हणजे यादीच्या निमित्तानं तुमचा आधार नंबर त्याच्या हाती पडतो. व्हॉट्सॲपवर कार्ड काढायचं म्हणून एखादी एपीके फाईल, म्हणजे मोबाईलवर परस्पर ॲप बसवणारी फाईल आली, तर तिला हातही लावू नका.

खरी यादी उघडली, पण त्यात जवळचं काहीच नाही

इथपर्यंत पोचलेली माणसंही परत एजंटकडे जातात, आणि त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. ताईबरोबर मी काउंटरवरच केंद्राचं पान उघडलं. राज्याच्या चौकटीत `Maharashtra` निवडलं. राज्य निवडेपर्यंत जिल्ह्याची चौकट रिकामीच असते, त्यामुळे तिथे काही दिसत नाही म्हणून घाबरायचं नाही. मग तिनं जिल्हा निवडला `Mumbai`. आणखी काय निवडणार बिचारी? यादी आली. परळ, भायखळा, शीव, मुंबई सेंट्रल. भांडुप नाही, मुलुंड नाही, घाटकोपर नाही, अंधेरीसुद्धा नाही. ती म्हणाली, "बघा दादा, सरकारी यादीत इकडचं काहीच नाहीये. त्या माणसाच्या यादीत मुलुंडचं होतं."

एजंटची यादी मोठी दिसते ती अशी. आपल्यासाठी मुंबई एक आहे, महापालिका एक आहे, लोकलचा पासही एकच. सरकारी दप्तरात मात्र मुंबईचे दोन जिल्हे आहेत. कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंत मुंबई शहर, आणि त्याच्या पलीकडे वांद्र्यापासून दहिसरपर्यंत, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत मुंबई उपनगर. उपनगर १९९० साली वेगळा जिल्हा झाला. आपण रोज हद्द ओलांडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, पण यादी तिथे येऊन थांबते. `Mumbai` निवडलंत तर फक्त शहर दिसणार. उपनगरासाठी `Mumbai Suburban` वेगळं निवडावं लागतं. ते यादीत `Mumbai` च्या खालीच असतं, पण बोट पहिल्यावर पडलं की दुसऱ्याकडे कोण बघतो?

भांडुप-मुलुंडवाल्यांनी तिसरा जिल्हाही टाकायचा, तो ठाणे. भांडुपहून ठाणं तिसरं स्टेशन आहे. परळपेक्षा ते कितीतरी जवळ, पण जिल्हा वेगळा म्हणून ते आपल्या नजरेतून सुटतं. ऐरोली, वाशी, नेरूळसुद्धा ठाणे जिल्ह्यातच येतात. खारघर, कामोठे, पनवेल मात्र रायगडमध्ये, नवी मुंबई म्हणून शोधत बसलात तर सापडणार नाहीत. आपलं रेशनकार्ड मुंबईचं असलं तरी राज्यातल्या कुठल्याही अंगीकृत रुग्णालयात जाता येतं, त्यामुळे जिल्हा बदलून बघण्यात काहीच अडचण नाही. दहिसरवाल्यांनी मीरा रोड बघावं, तोही ठाणे जिल्हाच.

पान मोबाईलवर अर्धंच दिसत असेल किंवा चौकट दाबली तरी उघडत नसेल, तर ब्राउझरच्या तीन ठिपक्यांत जाऊन `Desktop site` वर खूण करा. ती वेडीवाकडी अक्षरं चुकली तर आधी भरलेलंही पुसलं जाऊ शकतं, म्हणून निकाल येण्याआधी जिल्हा अजून तोच आहे ना, हे एकदा बघा. नावानं शोधताना पूर्ण नाव टाकू नका. श्री हे कुणी `Shri` लिहितं, कुणी `Shree`. नावातला सगळ्यात वेगळा असा एक तुकडा टाका, बाकीचं यादीत डोळ्यांनी शोधा.

रुग्णालय यादीत आहे, पण आपलं ऑपरेशन तिथे होत नाही

ही दुसरी अडचण पहिलीपेक्षा महाग पडते, कारण ती पेशंटला ॲम्ब्युलन्समध्ये घातल्यावर कळते. रुग्णालय योजनेत आहे म्हणजे तिथलं सगळं योजनेत आहे असं नाही. प्रत्येक रुग्णालय ठरावीक विभागांसाठीच अंगीकृत असतं. एखाद्या ठिकाणी हाडांचं आणि मूत्रविकारांचं योजनेत होतं, पण कॅन्सरचं होत नाही, जरी त्याच इमारतीत कॅन्सरचे डॉक्टर बसत असले तरी.

हृदयाच्या बाबतीत यात फसायला होतं. आपण 'हार्टचं' म्हणतो, पण यादीत हार्ट दोन विभागांत वाटलेलं आहे. अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी, स्टेंट, पेसमेकर हे `Cardiology` मध्ये. बायपास आणि झडपेचं ऑपरेशन हे सर्जरी, म्हणून ते कार्डिओ-थोरॅसिक सर्जरीच्या विभागात, पानावर तो विभाग `Cardio` आणि `thoracic` या शब्दांनी सुरू होतो. राज्याच्या आणि केंद्राच्या यादीत विभागांची नावं अक्षरश: सारखी नसतात, म्हणून नेमक्या नावाला चिकटू नका, ते औषधोपचाराचं आहे की सर्जरीचं, तेवढं बघा.

ताईच्या मोबाईलवर आम्ही `Mumbai Suburban` निवडलं आणि विभाग `Cardiology`. मुलुंडच्या बाजूचं एक रुग्णालय लगेच आलं, एजंटच्या यादीत होतं तेच. ताईचा चेहरा उजळला. मग विभाग बदलून सर्जरीचा टाकला. यादी एकदम आखडली आणि ते रुग्णालय त्यातून गेलं. म्हणजे तिथे योजनेत स्टेंट बसतो, बायपास होत नाही. काकांना तिथे नेलं असतं तर दोन गोष्टी झाल्या असत्या, एक तर परत पाठवलं असतं, नाहीतर "योजनेत नाही, पण पैसे भरून करू" असं ऐकावं लागलं असतं. एजंटला याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याचे अकराशे फाईलचे असतात.

मग तोच सर्जरीचा विभाग ठेवून ठाणे आणि मुंबई शहर दोन्ही पाहिले. हातात तीन नावं उरली. ती कागदावर लिहून घेतली, पत्त्यासकट. पत्ता का, तर एकाच संस्थेची दोन-दोन रुग्णालयं असतात, एक योजनेत आणि एक बाहेर. नाव तेच, वॉर्ड वेगळा.

विभाग कुठला ते कसं कळणार? डिस्चार्ज कार्डावर किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ऑपरेशनचं नाव इंग्रजीत असतं, ते घ्या आणि कुठल्या डॉक्टरकडे पाठवलंय ते बघा. चिठ्ठीवर सीएबीजी लिहिलं असेल तर ती बायपास, पीटीसीए असेल तर अँजिओप्लास्टी. मुतखड्याचं काम यूरोलॉजीत. चिठ्ठी नाहीच कळली तर आमच्यासारख्या मेडिकलवाल्याला दाखवा, डॉक्टरांची अक्षरं वाचणं हा आमचा अर्धा धंदा आहे.

एक गोष्ट यादीत दिसत नाही. काही उपचार योजनेत सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले आहेत. खासगी रुग्णालयाच्या नावापुढे तो विभाग असला तरी तेवढं ऑपरेशन तिथे मंजूर होत नाही. त्यासाठी पुढची पायरी गाळायची नाही.

फोन कुणाला करायचा

राज्याच्या वेबसाईटवर `Network Hospitals` नावाखाली त्यांची स्वतःची यादी आहे. केंद्राच्या यादीत सापडलेली नावं तिथेही आहेत का ते पडताळा. कधी एकीकडे असतं, दुसरीकडे नसतं. रुग्णालयं योजनेत येतात, निलंबित होतात, स्वतःहून बाहेर पडतात आणि दोन्ही याद्या एकाच दिवशी बदलतील असं नाही. मेळ बसला नाही तर टोल फ्री नंबरवर विचारायचं, त्यात अंदाज लावत बसायचं नाही. राज्याचे नंबर १५५३८८ आणि १८०० २३३ २२००, केंद्राचा १४५५५. मुंबईच्या कामासाठी मी आधी १५५३८८ लावतो, कारण इथली योजना सोसायटीच चालवते. "अमुक रुग्णालय, अमुक पत्ता, बायपाससाठी आज अंगीकृत आहे का?" इतकंच विचारा. 'योजना चालू आहे का' असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच येतं.

त्यानंतर रुग्णालयाला फोन, आणि नंबर यादीतला किंवा रुग्णालयाच्या स्वतःच्या वेबसाईटवरचा. ऑपरेटरला 'योजनेचं बोलायचंय' म्हणू नका, 'आरोग्यमित्राला द्या' म्हणा. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, पेशंटची नोंद आणि कागदपत्रांचं काम तिथूनच होतं. ज्या रुग्णालयाच्या ऑपरेटरला आरोग्यमित्र म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याच्याबद्दल माझ्या मनात शंका येते.

ताईनं तीन ठिकाणी फोन केले. पहिल्या ठिकाणी आरोग्यमित्र म्हणाला, विभाग आहे, पण सर्जरीची तारीख तीन आठवड्यांनंतरची. दुसऱ्या ठिकाणी फोन कुणी उचलला नाही. तिसरं परळच्या बाजूचं, त्यांनी सांगितलं, सकाळी ओपीडीत या, अँजिओग्राफीची सीडी आणा, रेशनकार्ड आणि आधार मूळ आणा. सीडीचं तिनं आधी ऐकलं नव्हतं, नुसता रिपोर्ट घेऊन गेली असती. बायपासवाले सर्जन रिपोर्टचा कागद बघून पुढे जात नाहीत, त्यांना चित्र बघायचं असतं. तुमच्याकडे सीडी नसेल, तर जिथे अँजिओग्राफी झाली तिथून आधी मागून घ्या.

भरतीनंतर रुग्णालय ऑनलाईन पूर्वपरवानगी मागतं. ती आल्यावर ऑपरेशन. योजनेत बसलेल्या उपचारासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. डिपॉझिट मागितलं तर आधी आरोग्यमित्राला विचारा, नाही जमलं तर तिथूनच १५५३८८ ला तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

लोक आणखी ज्या याद्यांमध्ये अडकतात

मुंबईत मोठ्या रुग्णालयांच्या नावानं तीन-चार सरकारी याद्या फिरतात आणि व्हॉट्सॲपवर त्या सगळ्या 'योजनेची यादी' म्हणूनच येतात. त्यातली एक धर्मादाय रुग्णालयांची. ट्रस्टच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, ते धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीत येतं आणि त्याला उत्पन्नाची अट आहे. ती सोय चांगली आहे, जन आरोग्य योजनेत काम झालं नाही तर जरूर बघा, पण ती वेगळी आहे. दक्षिण मुंबईतलं एखादं नावाजलेलं रुग्णालय धर्मादायच्या यादीत दिसलं म्हणून तिथे आरोग्यमित्र बसलेला असेलच असं नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस आणि कामगारांची ईएसआयसी, यांच्याही आपापल्या याद्या आहेत. पीडीएफ आली की पहिल्या पानावर कुठल्या योजनेचं नाव आहे ते वाचा. आणि नाव बरोबर असलं तरी पीडीएफवर विसंबू नका. ती ज्या दिवशी बनली त्या दिवसाची असते. तुम्हाला कुणाला पाठवायचीच असेल तर पत्ता पाठवा, त्याला स्वतः उघडू द्या.

नंबर आधीच देऊन बसलात तर

नुसतं नाव आणि मोबाईल गेला असेल तर फार बिघडलेलं नाही. फोन येत राहतील, ब्लॉक करा. 'तुमचा अर्ज अडकलाय', 'बेड दुसऱ्याला जाईल' असं म्हणतील. यादीत बेडचा अर्ज नावाचा प्रकारच नाही, त्यामुळे अडकायलाही काही नाही. ओटीपी सांगितला असेल किंवा पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे, आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. बँकेलाही त्याच तासात सांगा.

ताईचा अकराशेवाला दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोन करत होता, तेव्हा ती परळला ओपीडीच्या रांगेत सीडी हातात धरून बसली होती. तिनं उचलला नाही. काकांची पूर्वपरवानगी चार दिवसांनी आली.